विमान हवेत कसे राहते: मुलांना काय सांगावे, काय दाखवावे

प्रश्न: आमच्या विज्ञान मंडळात पाचवी ते आठवीची मुले येतात. विमान हवेत कसे टिकते, यावर त्यांच्याशी तासभर बोलायचे आहे, समीकरणे न वापरता. पुस्तकात लिहिले आहे की पंखाच्या वरून जाणाऱ्या हवेला लांबचा रस्ता कापावा लागतो, म्हणून ती वेगाने जाते आणि वरचा दाब कमी होतो. एका मुलीने लगेच विचारले, "मग विमान उलटे होऊनही कसे उडते?" मला उत्तर देता आले नाही. नेमके काय सांगू?

उत्तर:

त्या मुलीने बरोबर जागी बोट ठेवले आहे. पुस्तकातले ते स्पष्टीकरण चुकीचे आहे, ते भाषणातून काढूनच टाका. त्यात असे गृहीत धरलेले असते की पंखाच्या पुढच्या कडेपाशी वेगळे झालेले हवेचे दोन कण मागच्या कडेला एकाच वेळी पोहोचले पाहिजेत. पण असे कोणतेही बंधन हवेवर नाही. केंब्रिज विद्यापीठातले होल्गर बाबिन्स्की यांनी पंखावरून धुराचे तुटक पट्टे सोडून त्याचे चित्रण केले आहे. त्यात वरचा धूर खालच्या धुराच्या बराच आधी मागच्या कडेला पोहोचतो. दोघांची पुन्हा गाठ पडतच नाही. शिवाय कागदी विमानाचा पंख सपाट असतो, वरचा आणि खालचा रस्ता सारखाच, तरी ते उडते. मुलांना हे सहज पटते, कारण कागदी विमान प्रत्येकाने केलेले असते.

मग सांगायचे काय? एकच गोष्ट: पंख हवेला खाली वळवतो, आणि ज्या जोराने तो हवेला खाली ढकलतो त्याच जोराने हवा त्याला वर ढकलते. तासभराचे सगळे बोलणे या एका वाक्यातून निघू द्या.

त्याआधी हवेला वजन असते हे मुलांच्या मनात पक्के बसले पाहिजे, नाहीतर "हवा इतक्या मोठ्या विमानाला कशी उचलणार" ही शंका शेवटपर्यंत राहते. जमिनीजवळच्या एक घनमीटर हवेचे वजन साधारण सव्वा किलो असते. मुलांना वर्गाची लांबी, रुंदी, उंची मोजायला लावा. आठ मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि तीन मीटर उंच वर्गात जवळपास पावणेदोनशे किलो हवा असते. हा आकडा त्यांनी स्वतः काढला की त्यांचा चेहरा बघा. ज्या वस्तूला वजन आहे तिला ढकलता येते, आणि ढकलली की ती उलट ढकलते.

आता प्रयोग. एअरोमॉडेलिंगच्या शिबिरांत मी सुरुवात नेहमी याच प्रयोगाने करतो. उभा पंखा घ्या आणि त्याच्यापासून मीटरभर अंतरावर वहीच्या पानाएवढा जाड पुठ्ठा आडवा धरा. पुठ्ठ्याच्या मागच्या कडेला लोकरीचे वीतभर लांबीचे तीन-चार धागे चिकटवा. पुठ्ठा वाऱ्याला अगदी समांतर धरला की धागे सरळ मागे उडतात आणि हाताला वर किंवा खाली काही जाणवत नाही. आता पुढची कड किंचित वर करा, बोटभरच. दोन गोष्टी एकदम होतात. धागे मागे खालच्या दिशेने झुकतात आणि पुठ्ठा हातातून वर उठू पाहतो. पुढची कड खाली केली तर धागे वर जातात आणि पुठ्ठा खाली दबतो. प्रत्येक मुलाला पुठ्ठा स्वतःच्या हातात धरू द्या, कारण हे डोळ्यांपेक्षा मनगटाला जास्त कळते. पंख्याचा वारा स्वतःभोवती गरगरत येतो, त्यामुळे धागे फार वळवळत असतील तर मध्ये खोके ठेवा. त्याची दोन्ही तोंडे उघडी हवीत आणि आत कागदाच्या सुरळ्या खच्चून भरलेल्या हव्यात. वाऱ्याचा जोर थोडा कमी होतो, पण तो सरळ येतो.

उलट्या विमानाचे उत्तर याच पुठ्ठ्यात आहे. पंखाचा आकार कसाही असो, वाऱ्याशी त्याचा कोन असा हवा की हवा खाली वळेल. हवाई दलाच्या सूर्यकिरण पथकाची विमाने उलटी उडतात तेव्हा वैमानिक नाक क्षितिजाच्या वर धरून ठेवतो, म्हणजे उलट्या पंखानेही हवा खालीच वळते. पंखाला वरून फुगवटा असतो, त्यामुळे सुलट असताना तो कमी कोनात जास्त काम करतो. उलटे असताना तेवढ्याच वजनासाठी कोन अधिक ठेवावा लागतो. म्हणजे फुगवटा सोयीचा आहे, पण उड्डाणाचे मूळ कारण तो नाही. त्या मुलीला पुढे बोलावून पुठ्ठा तिच्याच हातात द्या.

यानंतर एखादा हुशार मुलगा विचारेलच: पंखाची खालची बाजू हवेला खाली ढकलते हे समजले, पण वरून जाणारी हवा का खाली वळते? तिला कोण ढकलते? हा या विषयातला सगळ्यात सुंदर प्रश्न आहे, त्याला घाईत उरकू नका.

घाटातल्या एसटीत उभे राहिल्याचा अनुभव त्यांना आठवायला सांगा. वळणावर आपले शरीर सरळच जाऊ पाहते. बाहेरच्या बाजूची सीट किंवा दांडा आपल्याला आत ढकलतो, तेव्हा कुठे आपण बसबरोबर वळतो. कोणतीही वस्तू वळायची तर तिला वळणाच्या बाहेरून आत ढकलणारे काहीतरी लागते. हवेचेही तसेच. तिरक्या पंखाच्या वरून जाणारी हवा सरळ निघून गेली, तर पंखाच्या पाठीवर मोकळी जागा राहील. तिथला दाब घटू लागतो. त्याच्याही वर असलेल्या हवेचा दाब मात्र नेहमीसारखाच असतो, आणि ती या हवेला खाली, पंखाच्या पाठीकडे दाबते. त्यामुळे हवा पंखाला धरून वळते. म्हणजे हवा वळते आहे याचा अर्थच असा, की पंखाच्या लगत दाब कमी आहे आणि दूर वर जास्त आहे. पंखाच्या खाली याच्या उलट होते, तिथे दाब थोडा वाढतो. वर कमी, खाली जास्त, म्हणून पंख वर उचलला जातो. "हवेला खाली ढकलणे" आणि "दाबातला फरक" ही दोन वेगळी कारणे नाहीत. हवा पंखाला ढकलते ती दाबाच्याच रूपाने, कारण दाबाखेरीज हवेकडे ढकलण्याचे दुसरे मोठे साधन नाही.

इथे एका लोकप्रिय प्रयोगाबद्दल सावध करतो. कागदाची पट्टी ओठांखाली धरून वरून फुंकली की लोंबणारी पट्टी वर उठते, आणि मग सांगितले जाते की "वेगवान हवेचा दाब कमी असतो". प्रयोग करा, पण लगेच दुसराही करा. तीच पट्टी चिमटीत धरून सरळ खाली लोंबती सोडा आणि तिच्या एका बाजूने वरून खाली फुंका. फक्त वेगाने दाब घटत असता, तर पट्टी त्या बाजूला ओढली गेली असती. ती थोडी फडफडते, पण ओढली जात नाही. फरक एवढाच, की पहिल्या वेळी हवा वाकलेल्या पट्टीबरोबर वळत होती आणि दुसऱ्या वेळी सरळ जात होती. हे सांगताना ज्याचा आधार घेतात तो बर्नुलीचा सिद्धांत खोटा नाही. पंखाच्या वर हवा खरोखर वेगाने जाते आणि तिथला दाब खरोखर कमी असतो. पण वेग वाढतो तो पुढे कमी दाबाची जागा असते म्हणून. आधी हवेचे वळणे समजले पाहिजे, वेग मागाहून येतो.

आता खऱ्या विमानाचे गणित करा, फक्त भागाकाराने. आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसणाऱ्या विमानांपैकी एक म्हणजे एअरबस ए३२०. उड्डाण करताना ते प्रवासी, सामान आणि इंधनासह साधारण सत्तर टनांचे असू शकते. पंखांचे क्षेत्रफळ सुमारे १२२ चौरस मीटर. म्हणजे पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरला सहाशे किलोच्या आतच वजन उचलायचे आहे. हा आकडा मोठा वाटतो, म्हणून त्याच्या शेजारी दुसरा लिहा: आपल्या सगळ्यांवर असलेला हवेचा दाब दर चौरस मीटरला जवळपास दहा टन असतो. जमिनीवर उभ्या विमानाच्या पंखावर वरून दहा टन आणि खालून दहा टन, दोन्ही सारखे, म्हणून काही होत नाही. उडताना त्या दहा टनांत वर आणि खाली मिळून फक्त सहा टक्क्यांच्या आसपास फरक पाडायचा असतो. एवढ्याशा फरकावर सत्तर टन तरंगतात. मला स्वतःला या आकड्याचे अजूनही नवल वाटते.

त्याच वेळी फळ्यावर इंजिनांचा आकडाही लिहा. याच विमानाची दोन्ही इंजिने पूर्ण जोर लावतात तेव्हा मिळून साधारण चोवीस टनांचा जोर देतात. सत्तर टनांचे विमान चोवीस टनांच्या जोराने सरळ वर उचलले जाणार नाही, हे मुले स्वतःच सांगतील. इंजिन विमानाला उचलत नाही, पुढे ढकलते. उचलण्याचे काम पंख करतो, आणि त्यासाठी त्याच्यावरून सतत हवा वाहती राहावी लागते.

वेगाचे महत्त्वही समीकरणाशिवाय सांगता येते. वेग दुप्पट झाला, तर दर सेकंदाला पंखाच्या वाट्याला दुप्पट हवा येते. शिवाय त्या हवेच्या प्रत्येक कणाला पंख दुप्पट वेगाने खाली सारतो. दुप्पट हवा आणि तिच्या प्रत्येक कणाला दुप्पट धक्का, म्हणून वर उचलणारा जोर चौपट. उलट वेग निम्मा झाला की जोर एकदम चौथ्या हिश्श्यावर येतो. यातूनच पुढचे कोडे उभे राहते, आणि विमानात खिडकीशी बसलेल्या कुणालाही ते डोळ्यांनी पाहता येते.

अकरा किलोमीटर उंचीवर ए३२० ताशी सुमारे ८३० किलोमीटरने जाते. तिथली हवा जमिनीजवळच्या हवेच्या जेमतेम तीस टक्के दाट असते. उतरताना वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास आणलेला असतो, कारण त्याहून फार जास्त वेगाने धावपट्टीवर आले तर थांबायला जागा पुरणार नाही. वेग तिसऱ्या हिश्श्याहून कमी, म्हणजे जोर नवव्या हिश्श्याहूनही कमी झाला. खाली हवा तिपटीहून थोडी जास्त दाट मिळाली, तरी तूट भरून निघत नाही. पण विमानाचे वजन तर फक्त जळालेल्या इंधनाएवढेच घटले आहे. मग बाकीचा जोर कुठून आणायचा?

पंखाच्या मागच्या खिडकीतून पाहा. उतरण्याआधी काही मिनिटे मोटारीचा घर्रर्र आवाज येतो आणि पंखाच्या मागच्या कडेतून मोठ्या पट्ट्या मागे सरकत खाली वाकतात. हे फ्लॅप. पुढच्या कडेतूनही लांबट पट्ट्या पुढे-खाली सरकतात, त्यांना स्लॅट म्हणतात. पंख मोठा झाला, जास्त वाकला आणि हवेला जास्त खाली वळवू लागला. म्हणून कमी वेगातही वजन पेलते. याची किंमत अशी की वाकलेला पंख हवेला खूप अडवतो, म्हणून उड्डाणानंतर वेग वाढला की फ्लॅप आत घेतात. चाके टेकली की पंखाच्या पाठीवरची झाकणे खाडकन उभी राहतात. ती स्पॉयलर. पंखावरून नीट वळणारी हवा ती मुद्दाम बिघडवतात, त्यामुळे विमानाचे सगळे वजन चाकांवर येते आणि ब्रेक नीट पकडतात. मंडळातल्या ज्या मुलाला विमानप्रवासाची संधी मिळेल त्याला पंखाच्या थोडे मागचे आसन घ्यायला सांगा.

कोन वाढवला की जोर वाढतो, हे पुठ्ठ्याने दाखवले. मग मुले म्हणतील, कोन वाढवतच जाऊ. त्यांना करू द्या, पण यावेळी लोकरीचे अगदी लहान, बोटाच्या पेराएवढे धागे पुठ्ठ्याच्या वरच्या पृष्ठावर ओळीने चिकटवा. कोन कमी असताना ते पृष्ठाला चिकटून शांत मागे पडलेले दिसतात. कोन वाढवत जा. एका टप्प्यावर धागे थरथरतात, उभे राहतात, काही तर उलटे पुढच्या बाजूला वळतात. हवेने पंखाची पाठ सोडली, आता तिथे नुसते भोवरे आहेत. इतके तीव्र वळण घेणे हवेला जमले नाही. खऱ्या पंखात हे बहुधा पंधरा अंशांच्या आसपास होते, आणि त्याला स्टॉल म्हणतात. वर उचलणारा जोर एकाएकी घटतो आणि अडथळा वाढतो. इंजिन जोरात चालू असले तरीही हे होऊ शकते. खऱ्या विमानांच्या चाचण्यांतही पंखावर असेच धागे लावून हवा कुठे सुटते ते पाहतात.

स्टॉलची ओळख माणसाला फार महागात पडली. जर्मनीचा ओटो लिलिएनथाल टेकड्यांवरून स्वतः बनवलेल्या ग्लायडरने हजारो नव्हे तरी दोनेक हजार उड्डाणे करून चुकला होता. ९ ऑगस्ट १८९६ रोजी हवेत त्याच्या ग्लायडरचे नाक वर उचलले गेले, पंखांनी हवा सोडली, तो सुमारे पंधरा मीटरवरून कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. त्या बातमीने राइट बंधूंचे लक्ष या विषयाकडे वेधले. यातून सुटण्याचा उपाय मनाला उलटा वाटतो: विमान पडत असताना नाक खाली करायचे. कोन कमी झाला की हवा पुन्हा पंखाला धरून वाहू लागते. प्रत्येक वैमानिकाकडून शिकताना हे करवून घेतात, कारण घाबरलेला हात नाक वर ओढू पाहतो. मोठ्या विमानाच्या नाकाजवळ, दोन्ही बाजूंना, वाऱ्याबरोबर फिरणारी छोटीशी पाती असते. ती सतत हाच कोन मोजत असते, आणि ए३२० मध्ये नेहमीच्या परिस्थितीत संगणकच वैमानिकाला तो धोक्याच्या पलीकडे नेऊ देत नाही.

शेवटचा प्रश्न ठरलेला असतो: इंजिन बंद पडले तर? त्यासाठी २३ जुलै १९८३ ची गोष्ट सांगा. कॅनडात एका बोइंग ७६७ मध्ये इंधन भरताना किलो आणि पौंड यांची गल्लत झाली. लागणार होते त्याच्या निम्म्याहून कमी इंधन घेऊन विमान निघाले, आणि सुमारे साडेबारा किलोमीटर उंचीवर एक आणि खाली येताना दुसरे, अशी दोन्ही इंजिने बंद पडली. विमान दगडासारखे पडले नाही. कॅप्टन बॉब पिअर्सन यांना ग्लायडर उडवण्याचा अनुभव होता. त्यांनी नाक किंचित खाली ठेवून वेग राखला आणि गिमली इथल्या हवाई दलाच्या जुन्या धावपट्टीवर विमान उतरवले. विमानातले ६९ जण वाचले. इंजिन पुढे ढकलत नव्हते, तेव्हा विमान हवेतल्या उतारावरून घसरत होते. उंची खर्च होत होती आणि तिच्यातून वेग मिळत होता. पंखाला वाहती हवा मिळाली की पुरे, ती कशामुळे मिळते याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

या ठिकाणी मुलांना महाराष्ट्राचा नकाशा आणि कर्कटक द्या. चांगल्या स्थितीत असे प्रवासी विमान इंजिनांशिवाय एक किलोमीटर खाली येईपर्यंत साधारण पंधरा किलोमीटर पुढे जाते. मुंबईवरून अकरा किलोमीटर उंचीने जाणारे विमान घ्या, नकाशाच्या प्रमाणात १६५ किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा आणि आत कोणते विमानतळ येतात ते शोधा. पुणे सहज आत येते. नाशिकजवळचे ओझर अगदी काठावर आहे. शिर्डी थोडक्यात बाहेर राहते. मग त्यांना विचारा, समोरून जोराचा वारा असेल, किंवा धावपट्टीच्या दिशेला येण्यासाठी एक गिरकी घ्यावी लागणार असेल, तर वैमानिकाने ओझरचा धोका पत्करावा का. उत्तर ते वर्तुळ लहान करून स्वतःच काढतील.